मोहनला पावलं मोजू द्या

खालचं दृश्य कुठल्याही चित्रपटातलं नाही. नव्या पटकथांमध्ये पुन्हा पुन्हा आढळणारे दोन दोष एकाच जागी दिसावेत म्हणून ते मुद्दाम रचलं आहे. पण पटकथा वाचण्याचं काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

दृश्य १४. अंतर्गत. पिठाची गिरणी. दिवस.

शैला (३८) गिरणीत काम करत आहे. तीन वर्षांपूर्वी नवरा सुरेश गेल्यापासून तीच गिरणी सांभाळते. सुरुवातीला लोक हसले, पण ती डगमगली नाही. तिचा दीर मोहन (३५) आत येतो. तो कर्जात बुडालेला आहे आणि त्याचा या जागेवर डोळा आहे. त्याला पाहून शैलाच्या मनात जुन्या आठवणी दाटून येतात. वातावरणात विलक्षण ताण आहे.

मोहन : वहिनी, दादा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही एकट्या ही गिरणी चालवताय.

शैला : हो भाऊजी. तुमच्या दादांची ही शेवटची आठवण आहे.

मोहन : पण मला पैशांची गरज आहे. शेअर बाजारात माझे आठ लाख बुडाले, हे तुम्हाला माहीतच आहे. आपण ही जागा विकूया.

शैला : मला तुमचा राग येतो भाऊजी. तुम्ही फक्त स्वतःचा विचार करता.

शैला हतबल होते. पण गिरणी विकायची नाही, असं ती मनोमन ठरवते.

वाचायला यात वावगं काही नाही. कथेत यातली बरीचशी वाक्यं खपून गेली असती. पण पटकथेचा कागद वाचकासाठी नसतो, तो कामाला लागणाऱ्या माणसांसाठी असतो. चित्रीकरणाच्या आधी सहायक दिग्दर्शक हे दृश्य घेऊन बसतो आणि त्याची फोड करतो : कोण कोण लागणार, कुठल्या वस्तू, कुठले कपडे, दिवसाचा प्रकाश की रात्रीचा, पार्श्वभूमीला माणसं किती. या दृश्याच्या वर्णनातून त्याच्या यादीत काय जाईल? एक गिरणी, एक बाई, एक पुरुष. बस. सहा-सात ओळी लिहून लेखकाने कलादिग्दर्शकाला एक डबासुद्धा दिलेला नाही, आणि नटीला करायला ‘काम करत आहे’ याखेरीज काही नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात संवाद झाकून करावी. हाताने नाही, खरोखरच कोरा कागद ठेवून. मग वर्णनाच्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : हे पडद्यावर दिसतं का, किंवा ऐकू येतं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं की वाक्याखाली रेघ.

‘तीन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून’ या शब्दांखाली रेघ येते, कारण भूतकाळाचं छायाचित्रण करता येत नाही, करता येतं ते भूतकाळाच्या आज उरलेल्या खुणांचं. ‘लोक हसले, पण ती डगमगली नाही’ यात तर दोन-तीन दृश्यांचा ऐवज आहे, तो एका वाक्यात उरकलाय. प्रेक्षकाला त्यातलं काहीच मिळणार नाही. ‘कर्जात बुडालेला’, ‘जागेवर डोळा’ ही लेखकाने मोहनबद्दल दिलेली माहिती आहे, पण मोहन दारात उभा राहिला की त्याच्या कपाळावर ती लिहिलेली नसते. ‘आठवणी दाटून येतात’ या वाक्यावर प्रत्येक नटी चेहरा जरा उदास करील आणि नजर दूर लावील, आणि प्रेक्षक समजेल की तिचं डोकं दुखतंय. ‘वातावरणात ताण’ हे सगळ्यांत फसवं वाक्य आहे. ते वाचताना ताण असल्याचा भास होतो, म्हणून लेखक तो निर्माण करायचं विसरतो.

या वाक्यांचा आणखी एक तोटा आहे, तो हिशेबाचा. साधारणपणे पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असं धरतात. हा ठोकताळा इंग्रजी टंकाच्या ठरावीक आकारावर बेतलेला आहे. देवनागरीत टंक आणि आकार बदलला की तो डळमळतो, त्यामुळे अनेक जण दृश्य मोठ्याने वाचून घड्याळ लावणंच पसंत करतात. पण टंक कुठलाही असो, ‘सुरुवातीला लोक हसले’ ही ओळ कागदावर जागा खाते आणि पडद्यावर शून्य सेकंद घेते. अशा ओळींनी भरलेली शंभर पानं हातात घेऊन निर्मात्याला वाटतं की चित्रपट तयार आहे, आणि संकलनाच्या टेबलावर कळतं की मधली वीस मिनिटं कधी लिहिलीच गेली नव्हती.

मात्र रेघ मारताना हात थोडा आवरावा लागतो. भावना आली की खोडायची, असा नियम केला तर पटकथेची वस्तूंची यादी होते. ‘ऐकलंच नाही असं दाखवत शैला डबा उचलते’ या वाक्यात शैलाचं मन आहे, पण ते नटीला करता येतं, आणि तिने ते केलं की आपल्याला दिसतं. ‘हसू दाबते’ हेही करता येतं. ‘आपलं आयुष्य व्यर्थ गेलं असं तिला वाटतं’ हे करता येत नाही. फरक भावना असण्या-नसण्यात नाही, ती अंगातून बाहेर पडण्याचा रस्ता वाक्यात आहे की नाही यात आहे. काही नामवंत पटकथाकार तर हा नियम उघडपणे मोडतात. १९८७ सालच्या ‘लीथल वेपन’चा लेखक शेन ब्लॅक वर्णनात थेट वाचणाऱ्याशी गप्पा मारतो, आणि त्याचीच मग फॅशन झाली. पण त्याच्या गप्पा काढून टाकल्या तरी खाली चित्रित करता येईल असं दृश्य शिल्लक राहतं. आपल्या दृश्य १४ मधून रेघा मारलेलं काढलं तर गिरणी तेवढी उरते.

आता कागद सरकवून वर्णन झाकू आणि संवाद उघडे करू. इथे प्रश्न वेगळा : हे बोलणारा माणूस समोरच्याला सांगतोय, की त्याच्या खांद्यावरून प्रेक्षकाला? दादा जाऊन तीन वर्षं झाली हे मोहन कुणाला सांगतोय? त्याच्या बायकोला! तिला तारीख पाठ असणार. ‘तुम्हाला माहीतच आहे’ हे शब्द तर पुराव्यासारखे वापरावेत. ज्या वाक्यात ते येतात ते वाक्य बोलण्याचं कारण नव्हतं, हे पात्र स्वतःच कबूल करत असतं. ‘आठवतं ना’, ‘तू माझा सख्खा भाऊ असून’, ‘लग्नाला दहा वर्षं झाली आपल्या’ ही सगळी त्याच घराण्यातली. आणि ‘मला तुमचा राग येतो’? खऱ्या घरात राग आलेली बाई असं म्हणत नाही. ती चहा विचारत नाही. किंवा जरा जास्तच अगत्याने विचारते.

नात्यांची ओळख करून देण्यासाठी तर मराठी लेखकाला वेगळं वाक्य खर्च करायचं कारणच नाही. एकाने ‘वहिनी’ म्हटलं आणि दुसरीने ‘भाऊजी’ म्हटलं की काम झालं. वर्णनातला ‘तिचा दीर’ हा शब्दही मग नट-नट्यांच्या सोयीपुरता उरतो.

दोन्ही कागद बाजूला ठेवून पूर्ण दृश्य पाहिलं की एक गंमत ध्यानात येते. नवरा वारल्याचं वर्णनात आहे आणि संवादातही आहे. कर्जाचं तसंच, एकटीने गिरणी चालवण्याचं तसंच. हा योगायोग नाही. लेखकाला कुठेतरी जाणवलेलं असतं की वर्णनातलं हे प्रेक्षकापर्यंत पोचणार नाही, म्हणून तो तीच माहिती पात्राच्या तोंडी देतो. एखाद्याने सांगितलं की ‘वर्णनातली ही ओळ दिसत नाही, काढ’, तर तो ओळ आज्ञाधारकपणे काढतो आणि उद्याच्या खर्ड्यात मोहनला आणखी दोन वाक्यं मिळतात. वर कापलं की खाली उगवतं. म्हणून हे दोन वेगळे दोष समजून वेगवेगळे तपासण्यात अर्थ नाही. नुसतं वाक्य खोडून भागत नाही, त्यातल्या माहितीचं पुढे काय झालं याचा माग ठेवावा लागतो : ती वस्तूत गेली, कृतीत गेली, दुसऱ्या दृश्यात गेली, की कायमची गेली.

आपल्याकडे हे खाली उगवणं जोमाने होतं, त्यामागे आपल्या धंद्याच्या काही रीती आहेत. मराठी आणि हिंदी श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेयं वेगळी असतात, आणि अनेकदा माणसंही वेगळी. पटकथाकार लिहून ठेवतो, ‘मोहन तिला आपली अडचण समजावून सांगतो.’ संवादलेखकाने ते वाचून काय करावं? तो समजावून सांगतो. शिवाय पटकथा वाचली जाण्याऐवजी ऐकवली जाण्याची चाल मोठी. नॅरेशनला बसलेला लेखक आवाज खाली आणून म्हणतो, ‘...आणि शैला आतून तुटते.’ खोलीत शांतता पसरते, निर्माता पाणी मागवतो. ते तुटणं लेखकाच्या आवाजात होतं, कागदावर नव्हतं, हे पुढे कॅमेरा लावल्यावर कळतं.

नाटक आणि मालिकांकडून आलेल्या लेखकांना मात्र उगीच झोडपू नये. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला शैलाच्या हाताची बोटं दिसत नाहीत, तिथे शब्दालाच ओझं उचलावं लागतं. मालिका चालू असताना निम्मं घर स्वयंपाकघरात असतं, त्यांना कालचा भाग न पाहताही आजचा कळायला हवा, म्हणून पात्रं एकमेकांना सगळं पुन्हा सांगतात. तिथे तो दोष नाही, ती गरज आहे. तीच सवय चित्रपटाच्या अंधारात, डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकासमोर आणली की तो कंटाळतो.

पडद्यावर किती कमी बोलून भागतं याचा मराठीतला दाखला म्हणून ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा पाहावा. जब्याचं घर गावात डुकराच्या मागे धावतंय, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या उभा राहतो, घरचेही थबकतात, आणि डुक्कर निघून जातं. या कुटुंबाची गावातली जागा काय, शाळेने जब्याला काय शिकवलं, आणि त्या शिकण्याचा घरी काय उपयोग, हे कुणीही कुणाला सांगत नाही. त्या प्रसंगातलं सगळं दिसणारं आणि ऐकू येणारं आहे. राष्ट्रगीताचे सूर हा तिथला संवादच आहे.

आता दृश्य १४ कडे. पुन्हा लिहिण्याआधी एक छोटा निर्णय करावा लागतो : या दृश्यातून उठताना प्रेक्षकाला नेमकं काय कळलेलं हवं? मूळ खर्ड्यात सहा-सात गोष्टी कोंबल्या आहेत. त्यातल्या अत्यावश्यक चार : हे दीर-भावजय आहेत, सुरेश हयात नाही, मोहनला जागा विकायची आहे, शैला विकणार नाही. आठ लाखांचा आकडा आणि शेअर बाजार इथे लागत नाहीत. मोहन अडचणीत आहे एवढा वास आला तरी पुरे, बाकी पुढच्या एखाद्या दृश्याला ठेवावं. लोक हसले हेही ठेवायचं असेल तर त्याला स्वतःचं दृश्य द्यावं.

मग गिरणीकडे गिरणी म्हणून पाहावं. तिथे काय असतं? सगळ्यात आधी आवाज. पट्टा फिरत असताना बोलणं जवळपास अशक्य. नावांच्या चिठ्ठ्या लावलेले डबे, खिळ्याला अडकवलेली बिलं, सगळ्यावर पिठाचा थर. मोटरच्या स्टार्टरवर हिरवं बटण सुरू करायला, तांबडं बंद करायला. आणि कामाची एक रीत अशी की दगडांमध्ये धान्य असताना गिरणी मध्येच बंद करत नाहीत, पुन्हा सुरू करताना मोटरवर ताण येतो. वर ओतलेलं दळून संपू देतात. म्हणजे शैलाने ठरवलं तर मोहनला ताटकळत ठेवण्याचं पूर्ण अधिकृत कारण तिच्या हातात आहे. हतबल होण्याची काही गरज नाही.

दृश्य १४. अंतर्गत. पिठाची गिरणी. दुपार.

पट्टा फिरतोय. दुसरं काही ऐकू येत नाही. शैला (३८), भुवयांपर्यंत पीठ, गिरणीच्या तोंडाशी डबा धरून.

बाहेर, उघड्या शटरसमोर मोहन (३५) पावलाला पाऊल लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालतो. ओठ हलतायत. टोकाला थांबून मागे वळून अंतर बघतो.

शैलाने पाहिलंय. डबा भरलाय हे तिच्या लक्षात येत नाही. पीठ पायांवर सांडतं.

मोहन आत येतो, काहीतरी बोलतो. ऐकू येत नाही. शैला बोटाने वरची ज्वारी दाखवते : संपू दे.

तो उभा राहतो. शर्टाची बाही झटकतो. ज्वारी सावकाश खाली जाते. शैला तांबडं बटण दाबते. पट्टा मंदावतो, थांबतो.

मोहन भिंतीच्या खिळ्यावरचं लाइट बिल काढून बघतो.

मोहन : अजून दादाच्याच नावानं येतं?

शैला : भरते मी.

ती सांडलेलं पीठ झाडू लागते. झाडू त्याच्या बुटांपर्यंत येतो. तो मागे सरकतो.

शैला : गाडी दिसत नाही तुमची.

मोहन : सर्व्हिसिंगला दिलीय.

शैला : अजून?

मोहन बिल परत खिळ्याला लावतो. नीट बसत नाही, पुन्हा लावतो.

मोहन : शेजारचा सलूनवाला गाळा देऊन मोकळा झाला. बरे पैसे आले म्हणे.

शैला : बसतो कुठं मग आता?

मोहन : वहिनी, मी काय म्हणतो...

शैला हिरवं बटण दाबते. मोहनचे ओठ हलत राहतात. ती पुढच्या डब्याची चिठ्ठी वाचते, गहू वर ओतते.

लांबी वाढली आहे, हे खरं. पण या वेळी कागदावरचा वेळ पडद्यावरही खर्च होणार आहे. सहायक दिग्दर्शकाच्या यादीत आता डबे, चिठ्ठ्या, बिल, झाडू, चालू स्थितीतली मोटर आहे, आणि मोहनच्या बुटांवर पीठ उडणार असल्याने वेशभूषेला जादा जोड ठेवावा लागेल. ध्वनिमुद्रकालाही आधीच कळतं की बोलणं फक्त पट्टा थांबल्यावर आहे, गोंगाटात एकही महत्त्वाचा शब्द नाही. सुरुवातीला आणि शेवटी मोहन जे बोलतो ते लिहिण्याची गरजच उरलेली नाही. ‘जागेवर डोळा’ची पावलं झाली. ‘मनोमन ठरवते’चं हिरवं बटण झालं. ‘अजून?’ या एका शब्दात मोहनची गाडी बहुधा विकली गेलीय आणि शैलाला त्याचा सुगावा आहे, हे दोन्ही येतं. विकण्याचा प्रस्ताव तर मोहन उच्चारतही नाही, सलूनवाल्याच्या आडून चाचपतो. उसने पैसे मागायला आलेली माणसंही आधी हवापाण्याचंच बोलतात.

इथवर आल्यावर लेखकाला स्वतःच्या संयमाचं कौतुक वाटू लागतं, आणि धोका नेमका तिथेच असतो. खूप कापलं की दृश्य लेखकालाच कळतं, कारण गाळलेलं सगळं त्याच्या डोक्यात शाबूत असतं. म्हणून शेवटची तपासणी दुसऱ्याने करावी. कथा माहीत नसलेल्या माणसाला फक्त हे दृश्य द्यावं, काही समजावू नये, आणि वाचून झाल्यावर विचारावं : ही दोघं कोण? तो कशासाठी आला? ती काय करणार? ‘आवडलं का’ हा प्रश्न विचारूच नये, त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं.

या कसोटीवर आपलं नवं दृश्य एका जागी नापास होतं. दीर-भावजय कळतात, पावलं कळतात, नकार कळतो. पण ‘दादाच्याच नावानं’ यावरून दादा मेलाय असं कळत नाही. तो दुबईला असू शकतो, घर सोडून गेलेला असू शकतो, आजारी असू शकतो. भिंतीवर हार घातलेला फोटो लावावा हा पहिला मोह. तो दिसतो, चित्रित होतो, नियमात बसतो. पण हा फोटो आपल्या चित्रपटांनी इतका टांगलाय की तो आता फोटो न राहता लेखकाची चिठ्ठी झालाय. चित्रित करता येतं म्हणून ते चांगलंच, असं काही नसतं.

इथे संवादाकडे परतावं. माहिती तोंडाने सांगायला बंदी नाही. ती कुणाला तरी टोचायला वापरली गेली की ती माहिती वाटत नाही. शैलाने तांबडं बटण दाबलं, पट्टा थांबला, आणि मोहनने बिलाला हात लावायच्या आत तिला एक ओळ द्यावी :

शैला : वर्षश्राद्धाला जेवून गेलात, ते आज उगवलात.

सुरेश गेला, त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला, आणि तेवढ्या काळात दीर एकदाही फिरकला नाही, हे सगळं प्रेक्षकाला मिळालं. मोहनला मात्र नवीन काहीच कळलेलं नाही, त्याला फक्त लागलंय. आता तो बिलाकडे वळतो ते विषय बदलायला, म्हणजे बिल काढण्याच्या कृतीलाही कारण सापडलं. ‘तीन वर्षं’ हा आकडा कुठेच आला नाही. तो कुणी विचारेल असं वाटत नाही. विचारलाच, तर बिलाच्या चित्रचौकटीत तारीख घालणं कलादिग्दर्शकाच्या हातात आहे.